चेक इंजिनचा दिवा नुसता लागलाय की लुकलुकतोय?

मामाची गाडी घेऊन साताऱ्याला निघालो होतो, गाडी मी चालवत होतो, मामा शेजारी. आदल्या दिवशी त्यांनी गाडी वॉशिंगला दिली होती आणि तिथल्या पोराने बॉनेट उघडून प्रेशरच्या पाइपने इंजिनसुद्धा चकाचक धुऊन दिलं होतं, मामा खूश. खंबाटकी घाटाच्या चढाला लागलो, एसी चालू, चौघं बसलेले, पुढे ट्रक म्हणून तिसऱ्या गिअरमध्ये जरा दाबली तर गाडी झटके मारायला लागली आणि मीटरवर तो पिवळा इंजिनचा दिवा लुकलुकायला लागला. मी म्हटलं मामा बाजूला घेतो. मामा म्हणाले, "अरे घाटात कुठं थांबवतोस, मागनं ट्रक येतायत, वर चढू दे, मग बघू. तो दिवा माझ्या आधीच्या गाडीत वर्षभर लागलेला होता, काही होत नाही."

आता मामांचं खोटं नव्हतं. आधीच्या गाडीत तो दिवा खरंच वर्षभर लागलेला होता आणि गाडीला काही झालं नव्हतं. पण तो लागलेला होता, लुकलुकत नव्हता. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि हा फरक बऱ्याच जणांना माहितीच नसतो, म्हणून एकदा सविस्तर लिहितोय. (हे सगळं पेट्रोल आणि सीएनजी गाड्यांबद्दल आहे. डिझेलचं गणित वेगळं असतं, आणि काही बाइकमध्ये दिवा ठरावीक वेळा लुकलुकून बिघाडाचा नंबर सांगतो, त्याच्याशी याची गल्लत करू नका.)

आधी नुसता लागलेला दिवा घेऊ, तो सोपा आहे. गाडीचा ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, सतत सगळे सेन्सर तपासत असतो. काहीतरी हिशोबात बसत नाहीये असं दिसलं की तो लगेच दिवा लावत नाही, मनात धरून ठेवतो, आणि पुढच्या वेळी गाडी चालवताना तोच प्रकार परत दिसला की मग कोड नोंदवून दिवा लावतो, बऱ्याचशा बिघाडांना हीच पद्धत. म्हणजे लागलेला दिवा ही एक नोंद आहे, की बाबा अमुक गोष्ट बिघडलीये, दाखवून घे. ऑक्सिजन सेन्सर म्हातारा झाला असेल, थर्मोस्टॅट उघडाच राहत असेल, पेट्रोलची वाफ धरून ठेवणाऱ्या सिस्टिममध्ये गळती असेल. अशा वेळी गाडी नेहमीसारखी चालत असेल, टेम्परेचर नॉर्मल असेल आणि ऑइलचा लाल दिवा लागलेला नसेल, तर घरी जा, या आठवड्यात स्कॅनर लावून घ्या, रस्त्यात थांबायची गरज नाही. वर्षभर तसंच फिरू नये हे खरं, कारण दिवा आधीच लागलेला असला की नवीन बिघाड झाला तरी तुम्हाला कळायचा मार्ग उरत नाही. पण त्यात घाई नसते.

लुकलुकणारा दिवा मात्र नोंदीबद्दल बोलतच नाही. तो सांगतो की आत्ता, या क्षणाला, इंजिन मिसफायर करतंय, म्हणजे आपले मेकॅनिक ज्याला गाडी मिसिंग मारतेय म्हणतात ते, आणि इतकं करतंय की सायलेन्सरच्या लाइनमधला, धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर जळू शकतो. कॅट म्हणू आपण त्याला, गॅरेजमध्ये तेच म्हणतात. मला स्वतःला बरीच वर्षं वाटायचं की हा दिवा इंजिन वाचवायला लुकलुकतो. पण ज्या हिशोबाने तो लुकलुकतो तो हिशोब कॅटच्या जिवाचा असतो.

मिसफायर म्हणजे काय तर सिलिंडरमध्ये हवा आली, पेट्रोल आलं, पिस्टनने ते दाबलं, पण ठिणगी पडली नाही किंवा अर्धवट पडली, आणि मिश्रण न जळताच पुढच्या फेरीत एक्झॉस्टमधून बाहेर ढकललं गेलं. आता ईसीयूला हे कळतं कसं ते बघण्यासारखं आहे, कारण सिलिंडरच्या आत बघायला काही त्याच्याकडे डोळा नसतो. क्रँकशाफ्टच्या टोकाला एक दातेरी चकती असते, बऱ्याच गाड्यांत ५८ दात आणि दोन दातांची मोकळी जागा, म्हणजे दर सहा अंशांना एक दात. शेजारी सेन्सर बसलेला असतो, तो एकेक दात जायला किती वेळ लागला ते मोजतो. चार सिलिंडरच्या इंजिनमध्ये दर अर्ध्या चकरेला एक सिलिंडर जळतो आणि क्रँकला छोटासा धक्का देतो. ३२०० आरपीएमला ही अर्धी चक्कर साधारण नऊ मिलिसेकंदांत होते. धक्का आलाच नाही तर तेवढे दात जायला किंचितसा जास्त वेळ लागतो, आणि त्या किंचितशा फरकावरून ईसीयू ओळखतो की अमुक सिलिंडरने धक्का दिला नाही. (आपल्याकडचे खड्डे पण चाकांमार्फत क्रँकला हलवतात, म्हणून रस्ता खराब आहे का याचाही अंदाज घेऊन ईसीयू तेव्हाची मोजणी सोडून देतो, हे मला फार आवडलेलं आहे.)

मग तो हिशोब मांडतो. कॅट जळायच्या धोक्यासाठी साधारण २०० चकरांचा एक गठ्ठा धरतात. २०० चकरा म्हणजे चार सिलिंडरमध्ये ४०० वेळा जळणं, प्रत्येकाच्या वाट्याला १००. समजा तिसऱ्या सिलिंडरने त्याच्या १०० पैकी ६० वेळा दगा दिला, तर ४०० पैकी ६०, म्हणजे १५ टक्के. आता १५ टक्के जास्त की कमी हे गाडी काय करतेय त्यावर ठरतं. उभ्या गाडीत इंजिन नुसतं चालू असताना पेट्रोल इतकं कमी जातं की बऱ्यापैकी मिसफायर झाले तरी कॅट सहन करतो, पण चढावर, जोर लावलेला असताना, आधीच गरम झालेल्या कॅटवर थोडेसे टक्केसुद्धा जड जातात. म्हणून ईसीयूमध्ये आरपीएम आणि लोडप्रमाणे वेगवेगळी मर्यादा भरलेली असते, ती ओलांडली की दिवा लुकलुकतो. ३२०० आरपीएमला २०० चकरा पावणेचार सेकंदांत होतात, त्यामुळे ही सूचना जवळपास ताबडतोब मिळते. मिसफायर मर्यादेच्या खाली आला की लुकलुकणं थांबतं आणि बऱ्याच गाड्यांत दिवा नुसता लागून राहतो. ही जागा फसवी आहे, तिच्याकडे परत येतो.

आता खरा नासधुशीचा भाग. कॅटच्या आत एक सिरॅमिकची वीट असते, मधाच्या पोळ्यासारखी बारीक बारीक आरपार भोकं असलेली, एका चौरस इंचात ४०० किंवा त्याहून जास्त भोकं. त्या भोकांच्या भिंतींवर ॲल्युमिनाचा खरखरीत लेप आणि त्या लेपात प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचे अतिसूक्ष्म कण. या कणांवर विषारी वायूंची प्रक्रिया होते आणि धूर बराच निरुपद्रवी होतो. रोजच्या चालवण्यात ही वीट ४०० ते ८०० अंश सेल्सिअसला असते, आणि तिच्याकडे जे येतं ते जळून उरलेलं असतं, त्यात जळण्यासारखं फार काही नसतं.

मिसफायर झाला की तिच्याकडे कच्चं पेट्रोल येतं आणि त्याच्यासोबत न वापरलेला सगळा ऑक्सिजन पण येतो, जळायला जे लागतं ते दोन्ही एकदम, आणि समोर तापलेला कॅटॅलिस्ट. मग ते तिथेच जळतं. जे जळणं सिलिंडरमध्ये व्हायचं, पिस्टन ढकलायचं, ते आता विटेच्या भोकांमध्ये होतं.

किती उष्णता ते एकदा आकड्यात बघू, म्हणजे अंदाज येईल. सपाट रस्त्यावर ६० च्या स्पीडने गाडी १५ चं ॲव्हरेज देते असं धरा, म्हणजे तासाला चार लिटर पेट्रोल. चारपैकी एक सिलिंडर पूर्ण बंद पडला तर त्याच्या वाट्याचं तासाला एक लिटर कच्चं बाहेर जाणार. एक लिटर पेट्रोलमध्ये साधारण ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, ती तासाभरात सोडली तर जवळजवळ नऊ किलोवॉट. बाथरूममधला इन्स्टंट गीझर तीन किलोवॉटचा असतो, असे तीन गीझर पूर्ण ताकदीने त्या एका लिटर-दीड लिटरच्या आकाराच्या डब्यात चालू केले असं समजा. आणि हे सपाट रस्त्याचं झालं, घाटात ॲक्सिलरेटर दाबलेला असताना पेट्रोल याच्या दुप्पट-तिप्पट जात असतं.

त्यात अजून एक उलटा प्रकार होतो. कॅटच्या आधी बसलेल्या ऑक्सिजन सेन्सरला कच्चं पेट्रोल नीट दिसत नाही, त्याला दिसतो तो न वापरलेला ऑक्सिजन. तो ईसीयूला सांगतो की ऑक्सिजन जास्त आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय. ईसीयू बिचारा पेट्रोल वाढवतो, सगळ्याच सिलिंडरना. आगीत तेल म्हणतात ते हेच. म्हणून बऱ्याच गाड्यांमध्ये, मिसफायर पक्का झाला की ईसीयू त्या सिलिंडरचा इंजेक्टरच बंद करतो, पेट्रोलच नाही तर जळणार काय. पण सगळ्या गाड्या असं करतीलच यावर विसंबू नका, आणि मिसफायर कधी या सिलिंडरला कधी त्या सिलिंडरला होत असेल तर बंद तरी कोणाला करणार.

तर विटेचं काय होतं? साधारण ९५०-१००० अंशांच्या वर ते मौल्यवान धातूंचे सूक्ष्म कण एकमेकांना चिकटून मोठे व्हायला लागतात आणि लेपाचा खरखरीतपणा बसतो. धातू तेवढाच राहतो पण वायूला भिडणारा पृष्ठभाग कमी होतो, आणि हे परत उलटं होत नाही. बाहेरून काहीच दिसत नाही, गाडी पण छान चालते, फक्त कॅटचं आयुष्य कमी होतं आणि काही महिन्यांनी P0420, म्हणजे कॅट नीट काम करत नाही असा कोड येतो. अजून तापलं, १४०० च्या पुढे गेलं, की खुद्द सिरॅमिक वितळतं, भोकं बुजतात आणि एक्झॉस्टचा रस्ताच बंद होतो. मग गाडी चढच चढत नाही, ॲक्सिलरेटर दाबला तरी आरपीएम एका जागेला अडकतो, कारण आतला धूर बाहेर जात नाही तर नवीन हवा येणार कुठून. तिसरा प्रकार म्हणजे वीट तडकते आणि तुकडे आत खुळखुळतात.

इंजिनला काहीच होत नाही असंही नाही. न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन टाकतं, रिंग कोरड्या घासतात, आणि थोडं पेट्रोल खाली चेंबरमध्ये उतरून ऑइल पातळ करतं. लांब मिसफायर झाल्यावर डिपस्टिक काढून वास घेऊन बघा, पेट्रोलचा वास येत असेल तर ऑइल बदलून टाका. पण हे नुकसान दिवसांच्या हिशोबाने होतं आणि कॅटचं मिनिटांच्या.

आणि हो, इतका तापलेला कॅट गाडीखाली असेल तर सुक्या गवतावर गाडी उभी करू नका. खरंच गवत पेटतं.

तर आता घाटात परत. मी ॲक्सिलरेटर हलका केला, एसी बंद केला, दुसरा टाकला आणि डावीकडून हळू चढवत नेली. दिवा मध्येच थांबायचा, मध्येच परत सुरू, असं चार-पाच मिनिटं चाललं. वर पोचल्यावर सपाटी लागली आणि लुकलुकणं थांबलं, दिवा नुसता लागून राहिला. मामा म्हणाले, "बघ, झाली नीट."

ही ती फसवी जागा. बिघाड तसाच होता, फक्त सपाटीवर लोड कमी होता. सिलिंडरमध्ये हवा जितकी जास्त दाबलेली तितकी ठिणगी पाडायला व्होल्टेज जास्त लागतं, म्हणून प्लगला ते व्होल्टेज पुरवणारी कॉइल कमजोर असेल किंवा प्लग जुना असेल तर तो सपाट रस्त्यावर निभावून नेतो आणि चढावर हात टेकतो. (सीएनजीवर तर सपाटीला पण, कारण गॅसला ठिणगी पाडायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. गाडी पेट्रोलवर ठीक आणि सीएनजीवर झटके मारत असेल तर गॅस किटला दोष द्यायच्या आधी प्लग आणि कॉइल बघा.) सपाटीवर दिवा लुकलुकत नसेल तर हलक्या पायाने, ५०-६० च्या स्पीडने जवळच्या गॅरेजपर्यंत जाता येतं. हलकं चालवूनसुद्धा लुकलुकत राहिला तर मात्र सुरक्षित जागा बघून बंद करा आणि टोइंग बोलवा, आणि उभ्या गाडीत परत परत स्टार्टर मारत बसू नका, दर वेळी कच्चं पेट्रोल कॅटमध्ये जातं. आमचा दिवा लुकलुकत नव्हता म्हणून आम्ही तसेच हळूहळू साताऱ्यापर्यंत गेलो.

साताऱ्याला ओळखीचे मेकॅनिक काका होते. मामांनी सुचवलं की बॅटरी काढून लावा, दिवा जाईल. काकांनी हातानेच थांबवलं, कारण बॅटरी काढली की कोड पुसला जातो आणि कोडसोबत ठेवलेली त्या क्षणाची माहिती पण जाते. त्यांनी स्कॅनर लावला. P0303, म्हणजे तिसऱ्या सिलिंडरचा मिसफायर, शेवटचा आकडा सिलिंडरचा असतो, आणि P0300 आला तर मिसफायर कुठल्या एकाचा नाही, इकडेतिकडे होतोय. त्या क्षणाची माहिती बघितली तर ३२०० आरपीएम, लोड ८८ टक्के, इंजिन पूर्ण गरम. काका म्हणाले, "चढावर होतंय म्हणजे ठिणगीचं बघू आधी."

तिसरी कॉइल उपसली तर प्लगच्या खड्ड्यात पाणी. तांबूस, गंजाचं, चमचाभर असेल. इंजिन धुतल्याचं पाणी रबराच्या बाजूने आत उतरलं होतं आणि वरून रबर बसलेलं म्हणून वाळायला वाव नव्हता. काकांनी कॉइलचं लांब रबर उजेडात धरून दाखवलं, आतून एक केसाएवढी काळपट रेघ गेलेली, आणि प्लगच्या पांढऱ्या सिरॅमिकवर तशीच बरोबर समोरासमोर. व्होल्टेजला आत दाबलेल्या हवेतून उडी मारण्यापेक्षा बाहेरून ओल्या सिरॅमिकवरून बॉडीला जाणं सोपं पडलं, आणि एकदा ती जळकी रेघ पडली की पाणी वाळलं तरी ठिणगी त्याच वाटेने जाते.

त्यांनी हवा मारून खड्डा कोरडा केला, मगच प्लग सोडवला, नाहीतर ते पाणी आणि कचरा सरळ सिलिंडरमध्ये पडलं असतं. नवीन प्लग टाकला आणि तिसरी कॉइल दुसऱ्याला, दुसरी तिसऱ्याला लावून एक चक्कर मारून आले. आता कोड आला P0302. मिसफायर कॉइलच्या मागे गेला, म्हणजे कॉइलच गेली. तोच तिसऱ्यालाच राहिला असता तर कॉइल सुटली असती आणि मग इंजेक्टर, नाहीतर कॉम्प्रेशन बघावं लागलं असतं. एका वेळी एकच गोष्ट हलवायची, म्हणून नवा प्लग त्यांनी तिसऱ्यातच राहू दिला.

एक गोष्ट त्यांनी मुद्दाम केली नाही. जुने मेकॅनिक चालू इंजिनची एकेक कॉइल किंवा प्लगची वायर काढून बघायचे, जी काढल्यावर आवाज बदलत नाही तो सिलिंडर मेलेला. कार्ब्युरेटरच्या, कॅट नसलेल्या गाडीत ते चालून गेलं. आताच्या गाडीत तुम्ही स्वतःच मिसफायर घडवून कॅटमध्ये पेट्रोल ओतताय, वर उघड्या कॉइलचा झटका वेगळा. तशी परीक्षा करायचीच असेल तर इंजेक्टरचं सॉकेट काढतात, म्हणजे त्या सिलिंडरला पेट्रोलच जात नाही.

नवीन कॉइल घातली, मग काका गाडीखाली गेले आणि रबरी हातोडीने कॅटवर हलके ठोके मारून ऐकलं. भरीव आवाज, आत काही खुळखुळत नव्हतं. कोड पुसला आणि चाचणीला गाडी काढली ती थेट यवतेश्वरच्या घाटात, तिसऱ्या गिअरमध्ये दाबून, कारण जिथे दुखतं तिथेच दाबून बघायला पाहिजे. दिवा आला नाही.

मामांना तरी विचारायचंच होतं, की कॅट वाचला का. काकांनी मोबाइलच्या स्कॅनरवर दोन्ही ऑक्सिजन सेन्सरच्या रेघा दाखवल्या. कॅटच्या आधीचा सेन्सर वर-खाली वर-खाली, ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये नाचत होता, आणि कॅटच्या नंतरचा ०.७ च्या आसपास जवळजवळ सपाट. कॅट ऑक्सिजन साठवून ठेवतोय म्हणून मागची रेघ सपाट राहते, तो मेला की मागची रेघ पुढच्यासारखी नाचायला लागते. "आज तरी ठीक आहे," काका म्हणाले, "दोन महिन्यांनी परत दाखवा." दिवाळीला गेलो तेव्हा मामांनी स्वतःहून गाडी त्यांच्याकडे नेली. मागची रेघ अजून सपाटच होती, आणि वॉशिंगवाल्याला आता ते बॉनेट उघडू देत नाहीत.